गोळीवर तुळशीपत्र

खोकल्याचं आणि तुळशीचं एक गुपित आधीच फोडून टाकतो, म्हणजे ज्यांना राग यायचा त्यांना लवकर येईल. सर्दीनंतरचा साधा खोकला पूर्ण जायला सरासरी अडीच आठवडे लागतात. आपल्याला वाटतं, आठवडाभराचा पाहुणा आहे. आठ दिवस आपण कळ काढतो, नवव्या दिवशी वैतागून तुळशीचा काढा सुरू करतो आणि सतराव्या-अठराव्या दिवशी खोकला जातो. श्रेय कुणाला? तुळशीला. नवव्या दिवसापासून कुणी उंबरठ्याला नमस्कार घालायला लागलं असतं, तरी खोकला त्याच दिवशी गेला असता आणि उंबरठा औषधी ठरला असता.

तुळशीविषयी असं बोललं की घरातली निम्मी माणसं कानावर हात ठेवतात. माझाही तिच्यावर काही राग नाही. आमच्या खिडकीतल्या कुंडीत ती आहे, कार्तिकात तिचं लग्न लागतं, उसाचे मांडव पडतात, चिंचा-आवळ्यांवरून भांडणं होतात. राग आहे तो तिच्या नावावर खपवल्या जाणाऱ्या बेफिकिरीवर. आणि ही बेफिकिरी कशी दिसते ते आमच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर मी अगदी जवळून पाहिलं.

दुसऱ्या मजल्यावर मावशी राहतात. वय सदुसष्ट. बारा वर्षांची शुगर, वर बीपी. गोळ्यांचा डबा वारांच्या खणांचा, तो दर रविवारी स्वतः भरतात. शिस्त अशी की बँकेतल्या कॅशियरने शिकावी. त्यांना गेल्या पावसाळ्यात खोकला लागला. कोरडा, घशात केस अडकल्यासारखा, रात्री आडवं झालं की जास्त. कफ नाही, ताप नाही. पंधरा दिवस झाले, महिना झाला, खोकला हलेना. मग नातवाच्या मोबाइलवर एक संदेश आला: ‘सकाळी अनशापोटी तुळशीचा काढा, नंतर तासभर काही खायचं नाही, इम्युनिटी दसपट.’ दसपट म्हणजे कशाच्या, हे संदेशात नव्हतं. मावशींनी विचारलंही नाही. घरचीच तुळस, तिला काय विचारायचं?

आता त्या पानात खरोखर काय असतं ते बघू. तुळशीचं पान चुरडलं की लवंगेसारखा वास येतो, तो उगाच नाही. लवंगेच्या तेलात जो मुख्य घटक असतो, युजेनॉल, तोच तुळशीच्या तेलातही असतो. कुठल्या तुळशीत किती, हे जात, माती, ऋतू यांवर ठरतं. काळ्या तुळशीची आणि पांढऱ्या तुळशीची चव वेगळी लागते ती त्यामुळेच. हे तेल काचेच्या बशीत जंतूंवर टाकलं की जंतू मरतात, हे खरं आहे. पण बशीत साबणाच्या पाण्यानेही जंतू मरतात आणि म्हणून कुणी खोकल्यावर साबणाचं पाणी पीत नाही. बशीतून घशापर्यंतचा रस्ता लांबचा आहे. साध्या खोकल्यात तुळशीचा चहा पिणारे आणि नुसतं गरम पाणी पिणारे यांची नीट तुलना करून कौल द्यावा, इतका भक्कम पुरावा आजमितीला नाही.

गरम पेयाचं काम मात्र तपासलेलं आहे. ब्रिटनमधल्या कार्डिफला सर्दीवर संशोधन करणारं एक केंद्र होतं. तिथे 2008 साली सर्दी झालेल्या तीस जणांना फळाचं एकच पेय दिलं, काहींना गरम, काहींना साध्या तापमानाचं. खोकला आणि शिंका यांत दोन्ही गटांना बरं वाटलं, घशाची खवखव मात्र गरमवाल्यांचीच लगेच कमी झाली. म्हणजे तुळशीच्या चहातला ‘चहा’ हा शब्द आपण समजतो त्यापेक्षा जास्त राबतो. तुळस त्याला सुवास देते, घसा सुखावतो, आणि रात्री दीड वाजता आईने उठून करून दिलेल्या कपाची किंमत तर कुठल्याच प्रयोगशाळेत मोजत नाहीत. मी स्वतः पितो. बरं वाटतं म्हणून पितो.

करायचाच असेल तर निदान नीट करावा. आपल्याकडे काढा म्हणजे पातेलं गॅसवर ठेवून, उघडंच, चार कपांचे दोन कप होईपर्यंत रटरट उकळायचं. घरभर वास सुटतो आणि सगळे म्हणतात, वा, काय अर्क उतरलाय! अहो, जो वास घरभर सुटला तो कपातून उडून गेलेला माल आहे. तुळशीचं तेल काढणारे लोक तेल वाफेवरच काढतात, कारण वाफेबरोबर ते पटकन निघून येतं. ते वाफ पकडून थंड करतात, आपण ती खिडकीतून शेजाऱ्यांना देतो. म्हणून पाणी आधी उकळावं, गॅस बंद करावा, आठ-दहा पानं धुऊन, हाताने जरा चुरडून त्यात टाकावीत आणि वर झाकण ठेवून सात-आठ मिनिटं विसरून जावं. झाकण उचलल्यावर त्याच्या आतल्या बाजूला जे थेंब दिसतात ते परत कपात झटकावेत. खरा ऐवज तिथे असतो.

आता ती दसपट इम्युनिटी. 2020 च्या एप्रिलमध्ये आयुष मंत्रालयाने काढ्याचं प्रमाण दिलं होतं: तुळस चार भाग, दालचिनी दोन, सुंठ दोन, मिरी एक. त्याची तीन ग्रॅम पूड दीडशे मिलिलीटर उकळलेल्या पाण्यात, दिवसातून एकदा किंवा दोनदा. म्हणजे एक लहान कप. आपल्या घरांमध्ये ते प्रमाण शिरेपर्यंत त्याचा तांब्या झाला आणि दिवसातून दोनदाचं ‘येता-जाता’ झालं. सरकारी कागदावरची मापं चमच्याने मोजायची असतात, हे आपल्याला फक्त रेशनच्या दुकानात आठवतं, तेही समोरचा मोजत असेल तेव्हा.

प्रतिकारशक्तीवर तुळशीचा काही परिणाम होतो का, याचा एक बऱ्यापैकी नेटका प्रयोग दिल्लीच्या एम्समध्ये झाला आणि 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. चोवीस धडधाकट माणसं घेतली. त्यांना चार आठवडे रोज तीनशे मिलिग्रॅम तुळशीच्या अर्काची कॅप्सूल उपाशीपोटी दिली, आणि आलटूनपालटून तशीच दिसणारी खोटी कॅप्सूल दिली. अर्क घेतलेल्या काळात रक्तातल्या संरक्षक पेशींपैकी काही वाढल्या, एकमेकींना निरोप देणारी त्यांची काही रसायनं वाढली. चांगली बातमी आहे, नाकारायचं कारण नाही. फक्त बातमी कुठे संपते ते बघा. माणसं चोवीस, तीही धडधाकट. अर्क अल्कोहोलमध्ये काढलेला, आपला चहा पाण्यातला. मोजलं ते रक्त. त्या लोकांना पुढे सर्दी कमी झाली का, खोकला लवकर गेला का, हे त्या प्रयोगात पाहिलेलंच नाही. एवढ्याशा बीवर मोबाइलवरच्या संदेशांनी दसपटीचा वटवृक्ष वाढवला.

आणि इम्युनिटी म्हणजे काही बँकेतली ठेव नव्हे की जितकी जास्त तितकी बरी. ती वाढून स्वतःच्याच सांध्यांवर किंवा थायरॉइडवर उलटली की त्यालाही आपण आजारच म्हणतो.

पण मावशींच्या पातेल्याकडे परत येऊ, कारण तिथे पाणी उकळतंय.

पहिल्या आठवड्यात मावशी सकाळी पाच-सात पानांचा कपभर चहा घेत होत्या. खोकला तसाच. मग पानं वाढली. तिसऱ्या आठवड्यात त्या ओंजळभर पानांचा काढा आटवून, वर दालचिनी आणि सुंठ घालून, सकाळ-संध्याकाळ पेलाभर पिऊ लागल्या. गूळ अजिबात नाही, ‘मला शुगर आहे ना’ म्हणून. संदेशातल्या हुकमाप्रमाणे नंतर तासभर काही खायचं नाही. एका मंगळवारी सकाळी त्यांनी सवयीने साडेसातला गोळी घेतली, मग काढा घेतला, मग तासभर थांबल्या. साडेआठला सुनेने उपमा दिला, तर म्हणाल्या भूक नाही, खोकून खोकून पोट दुखतंय. साडेदहाला मी पेपर परत द्यायला गेलो तेव्हा मावशी खुर्चीत बसून पदराने कपाळ पुसत होत्या. पंखा चालू, बाहेर पाऊस, आणि ब्लाउज घामाने चिंब. हात थरथरत होते. मला त्यांनी माझ्या थोरल्या भावाच्या नावाने हाक मारली आणि पेपरवाल्याचे पैसे विचारले. सुनेला वाटलं, खोकल्याने थकवा आलाय. माझ्या आईला शुगर होती, म्हणून मी मशीन आणायला सांगितलं. आकडा आला बावन्न.

सत्तरच्या खाली आला की शुगर कमी झाली असं समजायचं. बावन्न म्हणजे धोक्याच्या रेषेपलीकडे.

सून धावत देवघरातला पेढा घेऊन आली. हेतू शंभर नंबरी, निवड चुकली. पेढ्यात साखर असते, पण खव्याची चरबीही असते, आणि चरबी साखरेला रक्तात शिरायला उशीर लावते. अशा वेळी लागतं ते सरळ पाण्यात विरघळलेलं गोड: तीन चमचे साखर अर्ध्या पेल्यात, माणूस शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल तरच. इथे आणखी एक मेख होती. मावशींच्या गोळीच्या स्ट्रिपवर मागे बारीक अक्षरांत तीन नावं होती: ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन आणि व्होग्लिबोज. यातलं तिसरं औषध साध्या साखरेचं आतड्यात पचन रोखून धरतं, तेच त्याचं काम. म्हणून व्होग्लिबोज किंवा अकार्बोज घेणाऱ्याची शुगर उतरली की साखरेपेक्षा ग्लुकोजची पावडर द्यावी, तिला पचनाची वाट पाहावी लागत नाही. मावशींच्या घरी नातवाच्या क्रिकेटसाठी आणलेला ग्लुकोजचा डबा होता, तो कामी आला. तीन चमचे दिले, पंधरा मिनिटं थांबलो, पुन्हा मोजलं: चौऱ्याहत्तर. मग उपमा खाल्ला. ग्लिमेपिराइडचा अंमल दिवसभर टिकतो, त्यामुळे एकदा वर आलेली शुगर पुन्हा घसरू शकते. म्हणून दिवसभर दर दोन-तीन तासांनी मोजत राहिलो आणि डॉक्टरांना लगेच फोन केला. माणूस बेशुद्ध पडला असता तर तोंडात काहीही न घालता थेट दवाखाना गाठावा लागला असता. तेवढ्यावर गेलं नाही.

आता प्रश्न: तुळशीने केलं का?

इथे मला वकिली करायची नाही, कुणाच्याच बाजूने. कानपूरच्या संशोधकांचा 1996 मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. मधुमेह असलेल्या चाळीस जणांना रोज तुळशीच्या पानांची अडीच ग्रॅम पूड दिली आणि दुसऱ्या टप्प्यात दुसऱ्याच पानांची पूड, तुलनेसाठी. तुळशीच्या काळात उपाशीपोटीची शुगर सुमारे साडेसतरा टक्क्यांनी कमी आली, जेवणानंतरची सुमारे सात टक्क्यांनी. म्हणजे तुळशीने शुगर उतरते, हे नुसतं आजीबाईंचं म्हणणं नाही. पण ती अडीच ग्रॅम सुकी पूड आहे आणि ती खाल्लेली आहे. ओल्या पानात बहुतांश पाणीच असतं, तेव्हा एवढी पूड करायला वाटीभर पानं लागतात. पाच पानं गरम पाण्यात बुडवून, गाळणीतला चोथा कुंडीत टाकून जो कप हातात येतो, त्याचा आणि त्या प्रयोगाचा संबंध लांबच्या नात्यातल्या भावकीइतकाच. तो कप शुगर फारशी उतरवत नाही, आणि म्हणूनच कुणी त्याच्या भरवशावर गोळी सोडू नये.

मावशींचा पेला मात्र त्या कपासारखा राहिला नव्हता. ओंजळभर पानं, आटवलेली, दिवसातून दोनदा, जोडीला दालचिनी, जिच्याविषयीही शुगर कमी करते असं म्हणतात. याने किती उतरलं ते कुणी सांगू शकणार नाही. खरा दणका दिला तो ग्लिमेपिराइडने. ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, समोर अन्न असो वा नसो. तुम्ही उपमा नाकारला, हे तिला कुणी कळवत नाही. तिच्यानंतर खायचं ही तिची अट, आणि काढ्याने मावशींना तासभर खाऊ दिलं नाही, मग खोकल्याने भूकच मारली. तुळशीने वरून एक टपली मारली असेल, नसेल. धक्का कुणी दिला ते ठरलेलं आहे, पण पायरीवर तेल ओतलं ते ‘उपाशीपोटी’ या एका शब्दाने.

म्हणून आपली स्ट्रिप एकदा उलटी करून वाचा. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड यांपैकी एखादं नाव असेल किंवा इन्सुलिन चालू असेल, तर काढा, चूर्ण, कॅप्सूल असं काहीही रोज सुरू करण्याआधी डॉक्टरांना सांगा आणि सुरुवातीचे दोन आठवडे शुगर जरा जास्त वेळा मोजा. नुसतं मेटफॉर्मिन असेल तर शुगर अशी कोसळायची भीती बरीच कमी, पण मोजणं तेव्हाही वाया जात नाही. दुधाच्या चहात चार पानं टाकणाऱ्याने घाबरून झोप घालवायची गरज नाही. आणि हो, काढ्यात गूळ किंवा मध घालून ‘नैसर्गिक आहे’ म्हणणाऱ्यांची शुगर दुसऱ्या दिशेला जाते. मधमाशीने केली म्हणून साखर साखर असायची थांबत नाही. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील किंवा ऑपरेशन ठरलेलं असेल तरीही काढ्याचं नाव डॉक्टरांच्या कानावर घालावं, कारण युजेनॉल रक्ताच्या गुठळ्या होण्यात थोडी आडकाठी करतं, असं प्रयोगशाळेत दिसलेलं आहे.

घरावर तुळशीपत्र ठेवलं की माणूस घर सोडून निघतो, त्यावरचा हक्कच संपतो. अलीकडे लोक तेच गोळ्यांवर ठेवतात. माझ्या ओळखीत दोघांनी ठेवलं. एकाची तीन महिन्यांची सरासरी साडेसातवरून साडेदहावर गेली. तो आता दोन गोळ्या जास्त घेतो आणि तुळशीला फक्त पाणी घालतो.

या गडबडीत मावशींची भाची माहेरपणाला आली, चौथा महिना. तिलाही सर्दी-खोकला. मावशींनी, शुगरचा धडा ताजा असूनही, तिच्यासाठी पातेलं चढवलंच. ‘मला गोळ्यांमुळे झालं, हिला कुठे गोळ्या आहेत? गरोदरपणात औषध नको, त्यापेक्षा पाला बरा.’ हे वाक्य इतकं साळसूद आहे की त्यातली उडी दिसतच नाही. पाला पोटात गेला की तोही औषधच होतो, फक्त त्याच्यावर वापराची तारीख आणि इशारे छापलेले नसतात.

गर्भवतींनी रोज काढ्याएवढी तुळस घेतली तर काय होतं, हे माणसांवर नीट तपासलेलंच नाही. कोण तपासणार आणि कुठली बाई त्याला तयार होणार? प्राण्यांवर झालेलं आहे. प्रयोगशाळेतल्या उंदरांच्या माद्यांना तुळशीच्या पानांचा अर्क मोठ्या मात्रेत दिला तेव्हा गर्भ रुजण्याचं प्रमाण घटलेलं दिसलं. नर सशांना महिनाभर रोज दोन ग्रॅम ताजी पानं चारली तेव्हा त्यांच्या शुक्राणूंची संख्या घटली. ससा म्हणजे माणूस नव्हे, हे कबूल. पण ‘काही होत नाही’ असं छातीठोकपणे म्हणायची सोय यातून राहत नाही, आणि मूल हवं म्हणून प्रयत्न करणाऱ्या जोडप्याने, त्यातल्या नवरोबांनीही, इम्युनिटीच्या नादी लागून मूठमूठ पानं चघळू नयेत एवढं तर कळतं.

भाची घाबरली. सकाळी पूजेच्या तीर्थातून दोन पानं पोटात गेली होती, त्यावरून रडायला लागली. तिला सांगावं लागलं की तीर्थातल्या दोन पानांनी काही बिघडत नाही, आयुष्यभर बायका ती खात आल्या आहेत. प्रश्न पेल्याचा आहे, पळीचा नाही. देवाने त्याचं प्रमाण बरोबर ठेवलं होतं: पळीभर पाणी आणि एक-दोन पानं. द्वादशीला तर तुळस तोडायचीच नाही, म्हणजे मध्ये खाडाही आला. प्रमाण बिघडवलं ते आपण.

मग तिने काय करावं? मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या, दिवसभर गरम पाण्याचे घोट, झोपताना उशी जरा उंच. रात्री चमचाभर मध चालेल, गरोदरपणातली शुगर निघालेली नसेल तर. ताप आला, धाप लागली किंवा खोकताना छातीत दुखलं तर डॉक्टरकडे, त्याच दिवशी. बाळ झाल्यावर कुणीतरी तुळशीचा रस मधातून चाटवायला येईलच. वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये, चाटणसुद्धा नाही. मधात कधी कधी बोटुलिझमच्या जंतूंची बीजं असतात. मोठ्यांच्या पोटात ती रुजत नाहीत, तान्ह्याच्या रुजू शकतात.

आता राहिला मावशींचा खोकला, ज्याच्यापासून हे सगळं रामायण घडलं. तो अजून होताच. दीड महिना झाला होता. दोन आठवड्यांच्या वर खोकला टिकला तर थुंकीची तपासणी करावी, असा आपल्या क्षयरोग कार्यक्रमाचाच नियम आहे, आणि शुगर असलेल्यांना क्षयाचा धोका जास्त. मावशींचे ते सहा आठवडे आधी वाट पाहण्यात आणि मग काढ्यात गेले. काढा घेण्याचा खरा तोटा हाच: तो पिताना आपण काहीतरी करतोय असं वाटतं. खोकल्यात रक्त दिसलं, वजन उतरलं, रात्री घाम फुटला, तर एक दिवसही थांबू नये.

मावशींची थुंकी आणि छातीचा फोटो स्वच्छ निघाला. डॉक्टरांनी मग गोळ्यांचा डबा मागवला, रविवारी भरतात तो. बीपीची गोळी हातात घेऊन विचारलं, ही कधीपासून? मेपासून. खोकला? जूनपासून. गोळी रॅमिप्रिल. बीपीसाठी आणि शुगरवाल्यांच्या मूत्रपिंडांसाठी ती उत्तम, पण काही जणांना ती नेमका असाच खोकला लावते: कोरडा, गुदगुल्यांचा, कफाशिवाय, आडवं झालं की जास्त. अशा खोकल्यावर तुळस चालत नाही, आलं चालत नाही, खोकल्याची बाटलीही चालत नाही. गोळी बदलावी लागते, आणि ती डॉक्टरांनीच बदलायची. आपल्या मनाने बंद केली की बीपी उसळतो. मावशींना दुसऱ्या वर्गातली टेल्मिसार्टन मिळाली. तीन आठवड्यांत खोकला गेला.

डॉक्टरांनी मावशींना पहिल्याच भेटीत विचारलं होतं, ‘दुसरं काही घेता का?’ मावशी म्हणाल्या होत्या, ‘नाही हो, काही नाही.’ काढा त्यांच्या मते ‘काही’मध्ये येतच नव्हता. तुम्हाला कुणी हा प्रश्न विचारला, तर पातेल्यासकट सगळं सांगा: किती पानं, किती वेळा, कधीपासून.

मावशी सध्या मजेत आहेत. नाश्ता वेळेवर करतात. खालच्या मजल्यावरच्या काकूंना परवा जिन्यात सांगत होत्या, ‘अगं, दोन महिने खोकला होता मला. शेवटी तुळशीनेच गेला.’